पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस: तुमच्या टीएची ओळख आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण? तुम्हाला काय म्हणायचं?

मी गणितात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष चालू आहे. मूळची बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून इंग्रजी. या सत्रात तुमच्या कॅल्क्युलसच्या वर्गाची मी एक टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, आहे. वर्गात तुम्ही 300 जण आहात. आम्ही सहा टीए आहोत आणि प्रत्येकाकडे 50 जणांची एक तुकडी आहे. तुमची तुकडी कुणाकडे आहे ते वेळापत्रकात दिलंय.

मला ताई म्हणा. मॅडम म्हणालात तरी मी ओ देईन, पण मीही अजून विद्यार्थीच आहे आणि ताई म्हटलं की समोरचा शंका जरा मोकळेपणाने विचारतो, असा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे. लेक्चर घेणाऱ्यांना मात्र सर म्हणायचं.

लेक्चर तर सर घेतात. मग टीएचं काम नक्की काय?

तीन कामं आहेत. आठवड्यातून एकदा तुमच्या तुकडीचं ट्युटोरियल घेणं, ठरलेल्या वेळी शंकांसाठी बसणं आणि पेपर तपासणं. पेपर काढणं, ग्रेड ठरवणं, परीक्षेची तारीख बदलणं यांतलं काहीही माझ्या हातात नाही. आजारपणामुळे परीक्षा बुडाली तर अर्ज सरांकडे करायचा. तो कसा लिहायचा हे विचारायला माझ्याकडे जरूर या, पण मंजुरी मी देऊ शकत नाही.

हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण दर सत्रात कुणीतरी दोन-तीन दिवस माझ्या उत्तराची वाट बघत बसतं आणि तेवढ्यात अर्जाची मुदत टळते.

ट्युटोरियलमध्ये तुम्ही सगळी गणितं फळ्यावर सोडवून दाखवाल ना?

नाही. ही अपेक्षा मोडते तेव्हा काही जण नाराज होतात, म्हणून कारण सांगते.

प्रश्नपत्रक तुम्हाला चार दिवस आधी मिळतं. त्यात साधारण आठ प्रश्न असतात आणि ट्युटोरियल 55 मिनिटांचं असतं. मी आठही सोडवायला घेतले तर एकेका प्रश्नाला सात मिनिटंही मिळत नाहीत आणि सगळा वेळ तुमचा उतरवून घेण्यात जातो. उतरवताना सगळं कळल्यासारखं वाटतं. रात्री वही मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर करायला बसलं, की दुसऱ्या ओळीलाच गाडी अडते.

म्हणून मी दोन प्रश्न निवडते. पहिली 20 मिनिटं तुम्ही जोड्यांनी सोडवता आणि मी बाकांमधून फिरते. तुम्ही काय लिहिलंय ते वाचते आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते: ‘ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली?’ याचं उत्तर देता आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर आपली अडचण नेमकी सापडली. त्यानंतर फळ्यावर येते ती तुमच्यापैकीच कुणाची तरी अर्धवट मांडणी, नाव न घेता, आणि ती आपण मिळून पूर्ण करतो. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं आठवड्याअखेर मिळतात.

उत्तर बरोबर होतं, तरी मार्क का कापले?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. याचं उत्तर लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तुमच्यातले बहुतेक जण दोन वर्षं चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव करून आले आहेत. त्या परीक्षेत उत्तर बरोबर आलं की काम झालं. तिथे कसं आलं हे कुणी विचारत नाही आणि झटपट उत्तर काढणं हीच तिथली खरी कसोटी असते. इथे उलट आहे. उत्तर काय येणार हे कित्येकदा प्रश्नातच दिलेलं असतं. मार्क असतात ते ‘कशावरून’ याला.

एक प्रश्न घेऊ. क्रमिका आहे a_n = (2n+3)/(n+5). हिची सीमा 2 आहे, हे व्याख्येवरून सिद्ध करा. गुण 5.

आधी व्याख्या आठवा. क्रमिकेची सीमा L आहे याचा अर्थ असा: कुणीही शून्याहून मोठी कोणतीही संख्या ε सांगितली, कितीही लहान असो, तरी आपल्याला असा एक N देता येतो की त्याच्या पुढच्या प्रत्येक n साठी a_n आणि L मधलं अंतर ε पेक्षा कमी राहतं. यात क्रम लक्षात ठेवा. आधी समोरचा ε देतो, मग आपण N देतो आणि त्यानंतर N पुढचे सगळे n तपासले जातात.

आता अंतर काढू.

```
|a_n - 2| = |(2n + 3 - 2n - 10)/(n + 5)|
          = 7/(n + 5) < 7/n
```

हे 7/n आपल्याला ε पेक्षा लहान हवंय. n > 7/ε असेल तर ते होतं. म्हणून 7/ε पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या N म्हणून घ्यायची. मग n > N असलेल्या प्रत्येक n साठी |a_n - 2| < 7/n < 7/N < ε. झालं.

गुण असे वाटले जातात: व्याख्या नेमकी लिहिली तर 1, अंतर सोपं करून 7/(n+5) पर्यंत आलात तर 1, ε वरून N निवडला तर 2, आणि शेवटी ‘n > N असेल तर अंतर ε पेक्षा कमी’ हे जोडून दाखवलं तर 1.

आता गेल्या सत्रात आलेली एक मांडणी बघा, ती अगदी नेहमीची आहे. अंतर 7/(n+5) पर्यंत बरोबर काढलेलं. त्याखाली एकच वाक्य: ‘n अनंताकडे जातो तेव्हा 7/(n+5) शून्याकडे जातं, म्हणून सिद्ध.’ याला 5 पैकी 1 मिळाला, अंतराचा. लिहिणाऱ्याला ते फार लागलं आणि ते मला समजतं, कारण वाक्य खोटं नाही. पण ‘शून्याकडे जातं’ हीच तर सीमा आहे. जे सिद्ध करायचं होतं ते गृहीत धरून त्याने पेपर संपवला. ‘व्याख्येवरून’ हा शब्द प्रश्नात असला की ‘कडे जातं’ असं म्हणायची मुभा नसते. ε आणि N दाखवावेच लागतात.

दुसरी नेहमीची मांडणी म्हणजे ε = 0.01 घेऊन N = 700 काढायचा आणि थांबायचं. त्यातलं गणित बरोबर असतं, पण एका ε साठी N सापडला म्हणून सगळ्या ε साठी सापडला असं होत नाही. रफ कामात असं एक उदाहरण जरूर करा, त्याने हाताला वळण लागतं. उत्तरात मात्र ε हे अक्षरच राहायला हवं.

N सगळ्यात लहान काढायचा असतो का?

नाही, आणि यावरून एक उत्तरपत्रिका मला अजून आठवते.

वरचाच प्रश्न होता. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात त्या मुलाने 7/(n+5) < 7/n लिहिलं होतं, खाली n > 7/ε लिहिलं होतं, आणि मग त्या सगळ्यावर मोठी फुली मारली होती. फुलीखाली त्याने नव्याने सुरुवात केली होती: n + 5 > 7/ε, म्हणून n > 7/ε - 5. मग हे 7/ε - 5 ऋण आलं तर काय, या काळजीत तो पानाच्या तळापर्यंत वेगवेगळे ε घेऊन बघत राहिला आणि वेळ संपला.

पेपर दाखवताना मी त्याला विचारलं, ‘हे बरोबर होतं, मग का खोडलंस?’ तो म्हणाला, ‘ताई, ε = 0.01 घेतला तर 695 च्या पुढे सगळं चालतं. माझा N 700 येत होता. म्हटलं, चुकलंच.’

चुकलं नव्हतं. व्याख्या म्हणते ‘असा एक N’. 695 चालतो, 700 चालतो, 10 लाखही चालतो. N सापडला की त्याच्याहून मोठा प्रत्येक N आपोआप चालतो. छेद सोपा करण्यासाठी आपण 5 सोडून दिला, त्यात काही गमावलं नाही. उलट अंतर मुद्दाम थोडं वाढवून सोपं करून घेणं हेच या विषयातलं कसब आहे. पुढे अशी गणितं येतील जिथे नेमका N काढायला गेलात तर घनसमीकरण सोडवावं लागेल, आणि अंदाज घेतलात तर दोन ओळींत सुटतील.

त्या दिवसापासून मी माझ्या तुकडीला सांगते: खोडायचं असेल तर एकच तिरकी रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. आणि नवीन मांडणी पूर्ण होईपर्यंत जुनी खोडू नका. फुली मारलेलं आम्ही तपासत नाही, हा नियम आहे. त्या मुलाचे तीन गुण त्या फुलीखाली गेले आणि मला ते देता आले नाहीत.

माझ्या N मध्ये n आला होता. त्यात एवढं काय बिघडलं?

सगळंच बिघडलं, कारण क्रम उलटा झाला. N आधी ठरतो, त्याच्या पुढचे n नंतर तपासायचे असतात. N जर n वर अवलंबून असेल तर जो अजून आलाच नाही त्याला विचारून तुम्ही N ठरवलात.

ही चूक तुम्हीच करता असं मनात आणू नका. ε घेऊन सिद्धता लिहिण्याची रीत ज्याने घालून दिली त्या कोशीने 1821 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एक प्रमेय दिलं होतं: संतत फलनांची अभिसारी श्रेणी घेतली तर तिची बेरीजही संतत असते. 1826 मध्ये आबेल या नॉर्वेच्या तरुण गणितज्ञाने दाखवलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. त्याने sin x - (1/2) sin 2x + (1/3) sin 3x - … ही श्रेणी दिली. तिचं प्रत्येक पद संतत आहे, तरी बेरीज π पाशी तुटते. गोम होती N मध्ये. तिथे N फक्त ε वर नाही, x वरही अवलंबून होता. x जसजसा π च्या जवळ नेऊ तसतसा N वाढतच जातो आणि सगळ्या x ना पुरेल असा एक N सापडत नाही. ‘N कशावर अवलंबून आहे’ या एका प्रश्नातून पुढे एकसमान अभिसरण ही संकल्पना उभी राहिली. तुम्ही ती पुढच्या वर्षी शिकाल.

तपासायची सोपी युक्ती सांगते. N लिहून झाला की त्याच्या उजव्या बाजूला कोणती अक्षरं आहेत ते बघा. तिथे ε चालेल, प्रश्नात दिलेले स्थिरांक चालतील. n दिसला तर थांबा.

लोपितालचा नियम वापरून एका ओळीत उत्तर येतं. तो का चालत नाही?

‘सीमा काढा’ एवढंच विचारलं असेल आणि नियमाच्या अटी लिहिल्या असतील तर चालतो. ‘व्याख्येवरून सिद्ध करा’ म्हटलं असेल तर नाही, कारण तो नियम स्वतः याच व्याख्येच्या आधारावर पुढे सिद्ध होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. n फक्त 1, 2, 3 अशा किमती घेतो, त्यामुळे n च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेता येत नाही. आधी n च्या जागी वास्तव x घ्यावा लागतो, x ची सीमा काढावी लागते आणि मग म्हणता येतं की n ची सीमाही तीच. उलट दिशेने हे खरं नाही. sin(πn) प्रत्येक n साठी 0 आहे, म्हणून त्या क्रमिकेची सीमा 0. पण sin(πx) ला x अनंताकडे जाताना सीमाच नाही.

अर्धवट सुटलं तर लिहायचं की जागा सोडायची?

लिहायचं. कोऱ्या पानाला मी काहीच देऊ शकत नाही. वर गुणांची वाटणी दिली आहे ती बघा: नुसती व्याख्या नीट लिहिलीत आणि अंतर काढलंत तरी 2 झाले. कुठे अडलात तेही एका वाक्यात लिहा, ‘इथून N कसा निवडायचा ते सुचलं नाही’ असं. त्याचे वेगळे गुण नसतात, पण अडलेल्या जागेनंतर दोन ओळी गाळून एकदम ‘म्हणून सिद्ध’ लिहिण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. मधली गाळलेली उडी तपासताना लगेच दिसते आणि मग वरच्या ओळींबद्दलही शंका यायला लागते.

पेपर कोण तपासतं? एका टीएचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता, असं होत नाही का?

ते होऊ नये म्हणून आम्ही तुकडीप्रमाणे पेपर वाटून घेत नाही, प्रश्नाप्रमाणे वाटून घेतो. प्रश्न 3 माझ्याकडे असेल तर सगळ्या 300 जणांचा प्रश्न 3 मीच तपासते. सुरू करण्याआधी 20 पेपर नुसते वाचते, गुण न देता. लोक कुठे कुठे अडले ते कळतं, गुणांची वाटणी सरांना दाखवून पक्की होते आणि मग पहिल्यापासून तपासणी सुरू होते.

एका उत्तराला तीन मिनिटं धरली तर 300 उत्तरांना 15 तास लागतात. म्हणून पेपर मिळायला साधारण दहा दिवस जातात. तुमच्याकडून मला एकच हवं आहे. एका प्रश्नाचं उत्तर सलग पानांवर लिहा आणि सलग लिहिणं जमलंच नाही तर ‘पुढे पान 11 वर’ अशी नोंद करा. पान 11 वरचं उत्तर शोधायची जबाबदारी माझी आहे हे खरं, पण 280 व्या पेपरला डोळे थकलेले असतात.

पेपर दाखवण्याच्या दिवशी भांडलं तर मार्क वाढतात का?

भांडून वाढत नाहीत, चूक दाखवली तर वाढतात. आमच्या हातून चुका होतात. पान उलटायचं राहतं, बेरीज चुकते, कधी एखादी वेगळी पण बरोबर पद्धत पहिल्या वाचनात कळत नाही. यातलं काही झालं असेल तर निःसंकोच या. गुण वाढवताना मला आनंदच होतो.

येताना गुणांची वाटणी वाचून या आणि बोट ठेवून सांगा: ‘ताई, N निवडल्याचे दोन गुण होते. मी इथे निवडलाय, तरी शून्य आहे.’ याचं उत्तर मला दोन मिनिटांत देता येतं. ‘मित्राला 4 आणि मला 3 का’ असं विचारलंत तर मी दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचेन, पण मित्राची परवानगी असेल तरच. त्या दिवशी मी गुण कमी करत नाही, ती भीती मनात ठेवू नका.

‘एका मार्कासाठी ग्रेड जातेय’ हे मात्र कृपा करून सांगू नका. मला वाईट वाटतं आणि तरी काही करता येत नाही, कारण मग न सांगणाऱ्या बाकीच्यांवर अन्याय होतो.

शंका विचारायला कधी यायचं? मेल केला तर?

माझी शंकांची वेळ मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी 5 ते 6. आधी कळवायची गरज नाही. दोघं-तिघं मिळून आलात तर जास्त बरं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग असते आणि एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे आधीच्या रिकाम्या मंगळवारी या.

मेलला मी कामाच्या दिवशी 24 तासांत उत्तर देते. रात्री दहानंतर आणि रविवारी देत नाही.

मेल कसा लिहावा याचं एक उदाहरण देते. ‘ताई, पत्रक 2 चा पाचवा कळला नाही’ एवढंच आलं तर मला उलट विचारावं लागतं आणि एक दिवस तिथेच जातो. फलनाच्या सीमेत N ऐवजी δ द्यायचा असतो, म्हणजे x किती जवळ हवा ते सांगायचं असतं. त्याबद्दल गेल्या सत्रात एका मुलीने असं लिहिलं होतं: ‘x, 3 कडे जाताना x² ची सीमा 9 हे दाखवायचंय. |x² - 9| = |x - 3||x + 3| इथपर्यंत आले. |x - 3| ला δ ने बांधता येतं, पण |x + 3| चं काय करू? तो x बरोबर बदलतोय.’ सोबत वहीचा फोटो होता.

याला मी दोन ओळींत उत्तर दिलं. आधी δ 1 पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरव, म्हणजे x हा 2 आणि 4 च्या मध्ये राहतो आणि |x + 3| 7 पेक्षा कमी राहतो. मग δ म्हणून 1 आणि ε/7 यांतला लहान घे. तिने प्रश्न इतका नेमका विचारला की पुढचं सगळं तिला तिचंच सुचलं.

मित्रांबरोबर गृहपाठ केला तर कॉपी धरता का?

बरोबर बसून चर्चा करणं मला हवंच आहे. लिहिताना मात्र एकटं लिहायचं. माझा सल्ला असा: चर्चा झाली की सगळे कागद बाजूला ठेवा, चहा घेऊन या, अर्ध्या तासाने कोऱ्या पानावर बसा. जमलं तर ते तुमचं झालं. नाही जमलं तर परत मित्राकडे जा.

उतरवलेलं ओळखू येतं, बरोबर उत्तरावरून नाही, चुकीवरून. N = 7/ε ऐवजी N = 7ε असं दोन जणांनी लिहिलं तर ती घाई असू शकते. पण तीच चूक, तीच अक्षरं आणि मधली तीच ओळ गाळलेली अशी चार गृहपाठांत दिसली की मी चौघांना बोलावते. पहिल्या वेळी दार लावून बोलते, ओरडत नाही, आणि प्रत्येकाला तेच गणित समोर करायला सांगते. दुसऱ्या वेळी मला ते सरांकडे द्यावं लागतं. तो संस्थेचा नियम आहे, त्यात मला सूट देता येत नाही.

मराठीत शंका विचारली तर चालेल? मला इंग्रजीत लिहिताना अडखळायला होतं.

शंकांच्या वेळेत खुशाल मराठीत विचारा. ट्युटोरियलमध्ये बाकावर आले की मराठीत बोलू. फळ्यावरचं मात्र इंग्रजीत असेल, कारण तुकडीत मराठी न कळणारेही आहेत आणि त्यांना बाहेरचं वाटता कामा नये.

पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, पण सिद्धतेला फार इंग्रजी लागत नाही. ‘लेट’, ‘सपोज’, ‘देन’, ‘सिन्स’, ‘देअरफोर’, ‘फॉर एव्हरी’, ‘देअर एक्झिस्ट्स’ एवढ्या शब्दांवर पहिलं सत्र निभावतं. व्याकरणाचे गुण कापत नाही. फक्त ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांची अदलाबदल करू नका, तिथे भाषा बदलली की गणितच बदलतं. ‘प्रत्येक ε साठी एक N आहे’ आणि ‘असा एक N आहे जो प्रत्येक ε ला चालतो’ ही दोन वाक्यं मराठीत म्हणून बघा. दुसरं वाक्य फारच मोठा दावा करतं: N च्या पुढची सगळी पदं थेट L इतकीच आहेत, असा त्याचा अर्थ होतो. मला स्वतःला हा फरक इंग्रजीत कळेना. एका दुपारी हॉस्टेलच्या खोलीत मराठीत मोठ्याने म्हटला तेव्हा कळला.

दोन आठवडे काहीच कळत नाहीये. आता फार उशीर झाला का?

नाही, पण पहिल्या लेक्चरपासून क्रमाने वाचायला बसू नका. तुम्ही तिसऱ्या लेक्चरपर्यंत याल तोवर वर्ग दहाव्यावर गेलेला असेल.

या विषयाची रचना तुमच्या बाजूने आहे. क्रमिकेची सीमा, फलनाची सीमा, सातत्य, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल, सगळीकडे तोच ε परत परत येतो. म्हणून वर दिलेलं (2n+3)/(n+5) चं उदाहरण घ्या आणि न बघता लिहिता येईपर्यंत करा. मग आकडे बदला: (3n+1)/(n+2), सीमा 3, अंतर 5/(n+2). त्यानंतर x² वालं. यात एक दुपार जाईल. तेवढं झालं की आजच्या लेक्चरची वही उघडा, मधलं सोडून द्या. मधलं काय लागतंय ते आपोआप समोर येईल, तेवढंच मागे जाऊन बघा. अडलात तर मंगळवारी या, आपण बसू.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, घरी बोलवत नसेल, तर तेही सांगा. मी समुपदेशक नाही, पण समुपदेशकांच्या खोलीपर्यंत तुमच्याबरोबर चालत येऊ शकते.

हजेरी सक्तीची आहे का?

ट्युटोरियलला आहे. मी सुरुवातीला सही घेते. दहा मिनिटं उशीर झाला तरी आत या, दाराशी थबकू नका.

पहिल्या ट्युटोरियलला काय घेऊन यायचं?

पत्रक 1, वही आणि पेन. पत्रकातला दुसरा आणि चौथा प्रश्न आधी करून बघा, प्रत्येकी 15 मिनिटं, त्याहून जास्त नको. सुटले नाहीत तरी जिथे थांबलात ते पान घेऊन या. कोरं पान घेऊन आलात तरी आत घेईनच, पण अर्धं लिहिलेलं असेल तर मला कुठून सुरुवात करायची ते कळेल.